पात्र आणि इच्छुक

काही कागद वाचण्यासाठी नसतातच, असं आपण मनाशी ठरवून टाकलेलं असतं. कंपनीचं परिपत्रक हा त्यातला पहिला. वर जावक क्रमांक, खाली सही-शिक्का, मध्ये 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की'. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी फलकासमोर थांबतं, तारीख तेवढी बघतं आणि कँटीनकडे वळतं. मीही वळत असे. मग 2021च्या उन्हाळ्यातली लसीकरणाची परिपत्रकं एकदा सावकाश वाचली आणि त्यातल्या दोन-तीन ओळींनी मला अक्षरशः धरून ठेवलं.

आधी प्रसंग आठवून घेऊ. 16 जानेवारी 2021 रोजी देशात कोविडची लस सुरू झाली. 11 एप्रिलपासून कामाच्या ठिकाणीही ती देता येईल, असं केंद्र सरकारने कळवलं. अट अशी, की तिथे साधारण 100 'पात्र आणि इच्छुक' माणसं हवीत आणि ते ठिकाण एखाद्या चालू लसीकरण केंद्राला जोडलेलं हवं. सुरुवातीला 45 वर्षं आणि त्यावरचे कर्मचारीच पात्र होते. 1 मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना दार उघडलं आणि 21 मेला घरच्यांनाही आणण्याची मुभा मिळाली.

'पात्र आणि इच्छुक'. यातला पहिला शब्द सरकार ठरवतं, दुसरा फक्त माणूस ठरवतो. दोन्ही एकाच ओळीत, एका 'आणि'ने बांधलेले. त्या 'आणि'वर किती भार पडतो, ते आता पाहू.

चाकणजवळचा एक कारखाना समजा. आकडे माझे, सोयीसाठी घेतलेले. एकूण 140 माणसं, त्यात ठेकेदाराकडची पंचवीस. परिपत्रक लागलं: अमुक रुग्णालयाचं पथक शनिवारी येईल, इच्छुकांनी गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत नाव नोंदवावं. गुरुवारी सातला मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी यादी मोजली. 97.

आता काय होतं बघा. शंभराच्या आसपासची अट डोळ्यांसमोर आहे, रुग्णालयाशी बोलणं झालंय, साहेबांनी मुख्य कार्यालयाला कळवून टाकलंय. तीन नावं कमी. शुक्रवारी सकाळी एक सुपरवायझर शॉपमधून फिरतो आणि सहज विचारतो, "काय पाटील, तुम्ही नाव नाही दिलं?" त्या प्रश्नात धमकी नाही, आवाजही चढलेला नाही. पण पाटलांची पुढच्या महिन्यातली शिफ्ट हाच माणूस लावणार आहे. पाटील नाव देतात. कागदावर ते इच्छुक झाले.

दुसरा दाब तर बाटलीतूनच येतो, आणि मला तो फार विलक्षण वाटतो. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस, प्रत्येक डोस अर्धा मिलिलिटर. बंद कुपी दोन ते आठ अंश सेल्सिअसला महिनोन्महिने टिकते, पण एकदा टोचून उघडली की त्या वेळच्या नियमाप्रमाणे चार तासांत संपवायची. समजा यादी वाढत वाढत 112 झाली. अकरा कुप्या पूर्ण लागल्या आणि शेवटी दोन माणसं उरली. त्या दोघांसाठी बारावी उघडली तर आठ डोस वाया जाणार. एप्रिल-मेमध्ये लशीसाठी लोक पहाटेपासून रांगा लावत होते. अशा दिवसांत आठ डोस ओतून द्यायचे कुणाच्या जिवावर येणार नाही? मग कुणीतरी दारात उभं राहून हाक मारतं, "वाया जाईल हो, घेऊन टाका!" ही हाक पूर्णपणे चांगल्या मनातून येते. पण जो कालपर्यंत 'नाही' म्हणत होता, त्याच्या नकाराला ती पाच मिनिटांत निर्दय ठरवते.

हे ओळखणारं परिपत्रक उपाय आधीच लिहून ठेवतं. नोंदणी दहाच्या पटीत बंद होईल, उरलेले इच्छुक पुढच्या आठवड्यात जोडलेल्या रुग्णालयात जाऊन लस घेतील आणि तो वेळही कामाचाच धरला जाईल. तीन ओळींचं गणित आहे. ते परिपत्रकात नसेल, तर शनिवारी दुपारी चार वाजता पाटलांना भिडेखातर दंड पुढे करावा लागतो.

संमतीचं कायद्यातलं रूप त्या वर्षी कसकसं बदलत गेलं, तेही गंमतशीर आहे. सुरुवातीच्या दोन महिन्यांत देशात दोन लशी होत्या, पण संमतीच्या रीती वेगळ्या. कोवॅक्सिनला 'चाचणी पद्धतीने' वापराची परवानगी होती, त्यामुळे ती घेणाऱ्याला छापील संमतीपत्रावर सही करावी लागे. कोविशील्डला तशी सही नव्हती. मार्च 2021मध्ये कोवॅक्सिनवरची ती अट उठली आणि सहीचा कागदही गेला. सही गेली म्हणून संमती गेली नाही. पुढे जानेवारी 2022मध्ये केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात लेखी सांगितलं, की कुणालाही त्याच्या संमतीशिवाय लस देण्याची तरतूद नाही.

त्याआधी जून 2021मध्ये मेघालय उच्च न्यायालयापुढे दुकानदार आणि टॅक्सीवाल्यांवरच्या सक्तीचा प्रश्न आला होता. बळजबरीने लस देणं मूलभूत हक्कात बसत नाही, असं न्यायालय म्हणालं. मग 2 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियल खटल्यात निकाल दिला: स्वतःच्या शरीरावरचा हक्क संविधानाच्या एकविसाव्या कलमात येतो, कुणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही. त्याच निकालाने हेही म्हटलं, की साथीच्या काळात सरकार वाजवी निर्बंध घालू शकतं, फक्त ते धोक्याच्या प्रमाणात हवेत. आणि खासगी संस्थांनीही आपापले निर्बंध पुन्हा तपासावेत, अशी सूचना केली. म्हणजे हक्क पक्का, पण चाकणच्या शॉपमधल्या 'काय पाटील'पर्यंत तो थेट पोचत नाही. एकविसावं कलम मुख्यतः सरकारला बांधतं. सुपरवायझरला बांधायला परिपत्रकातली ओळच लागते. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. ऑगस्ट 2021पासून दोन डोस झाल्याशिवाय लोकलचा पास मिळत नव्हता. कागदावर ऐच्छिक असलेली गोष्ट रेल्वेच्या खिडकीवर किती ऐच्छिक राहते, ते कल्याण-विरारहून येणाऱ्यांनी अनुभवलंय.

याच मुंबईत हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीही उभा राहिला होता. 1897च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात ती कैद्यांना दिली. तुरुंगात प्लेग शिरला होता. त्याने कैद्यांना विचारलं आणि निम्म्याच्या आसपास जण पुढे आले. हे 'पुढे येणं' किती मोकळं होतं? हाफकिनने जबरदस्ती केली नाही, हे खरं. पण विचारणाऱ्याच्या मागे जेलर उभा असताना दिलेल्या होकाराचं वजन करायला तराजू नाही. कारखाना म्हणजे तुरुंग नव्हे, पण हजेरीपट दोन्हीकडे असतो.

आता गोपनीयतेची ओळ. बहुतेक परिपत्रकांत ती अशी असते: 'कर्मचाऱ्यांची वैद्यकीय माहिती गोपनीय ठेवण्यात येईल.' वाचून आपण मान डोलावतो. आणि त्याच फलकावर, त्याच परिपत्रकाशेजारी, सोमवारी एक यादी लागते: नाव, विभाग, लस घेतली / घेतली नाही. यात कुणाचा रक्तदाब नाही, साखर नाही, औषध नाही. मग गोपनीयता मोडली कुठे?

मे आणि जून 2021 या दोन महिन्यांत जाऊ. अठरा वर्षांवरचे सगळे पात्र झाले होते, पण गरोदर स्त्रिया नव्हत्या. त्यांना लस घेण्याची मुभा 2 जुलैला मिळाली. स्तनदा मातांना ती 19 मेला मिळाली. त्याच दिवशी असंही सांगितलं गेलं, की कोविड होऊन गेलेल्याने बरं झाल्यावर तीन महिने थांबावं. आता यादीत एक नाव आहे, लेखा विभाग, वय एकोणतीस. त्यापुढे 'घेतली नाही'. ती बाई शनिवारी रांगेत दिसली होती, डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलली आणि परत गेली, हेही चार जणांनी पाहिलंय. विभागातल्या कुणाला फारसं डोकं चालवावं लागणार नाही. एक तर तिला गेल्या तीन महिन्यांत कोविड होऊन गेला आणि तिने सांगितला नाही, नाहीतर ती गरोदर आहे. तिसऱ्या महिन्यापर्यंत आपल्याकडे सासरीसुद्धा बातमी सांगत नाहीत, आणि इथे ती सूचनाफलकावर टाचणीने टोचलेली असते!

मी थक्क झालो तो इथे. यादीने एकही वैद्यकीय गोष्ट सांगितली नाही, फक्त एक जागा रिकामी ठेवली. बाकीचं त्या रिकाम्या जागेने सांगितलं, कारण ती जागा कोणत्या कारणांनी रिकामी राहू शकते हे सरकारनेच जाहीर केलेलं होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेला, प्रतिकारशक्ती दबलेला, एखाद्या औषधाची गंभीर ॲलर्जी असलेला, अशा सगळ्यांच्या बाबतीत असंच होतं. नावं काढून नुसते आकडे लावले तरी लहान गटात सुटका नाही. 'भांडार विभाग: 7 पैकी 6' असं लिहिलं, तर सातवा कोण हे भांडारातल्या सहा जणांना लगेच कळतं. आकडेवारीच्या कामात म्हणूनच फार लहान गटांचे आकडे छापत नाहीत, मोठ्या गटात मिसळून टाकतात. परिपत्रकात ही ओळ दिसली, की समजावं लिहिणाऱ्याने खरोखर विचार केलाय: फक्त पूर्ण कारखान्याचा एकच आकडा जाहीर होईल.

कायदा इथे कितपत मदतीला येतो? 2011च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी शारीरिक-मानसिक आरोग्याची माहिती आणि वैद्यकीय नोंदी 'संवेदनशील' ठरवल्या. त्या गोळा करणाऱ्या कंपनीने लेखी संमती घ्यायची, पत्राने, फॅक्सने किंवा ईमेलने. (फॅक्स! नियमांनाही वय असतं.) 2023च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने 'संवेदनशील' हा वेगळा कप्पा ठेवला नाही, पण एक सुरेख गोष्ट आणली. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला द्यायचा, आणि संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. म्हणजे शॉपमधला माणूस 'मला हे मराठीत द्या' असं हक्काने म्हणू शकेल, अशी सोय कायद्याने केली आहे. मात्र त्याच कायद्यात एक पळवाटही आहे: नोकरीशी संबंधित काही कारणांसाठी कंपनी वेगळी संमती न घेताही माहिती वापरू शकते. म्हणून परिपत्रकात कंपनीने स्वतःहून किती कमी मागितलंय, ते बघावं. डॉक्टरांची प्रश्नावली रुग्णालयाकडेच राहायला हवी. प्रमाणपत्र ज्याचं त्याच्या मोबाइलवर येतं. मनुष्यबळ विभागाला खरं तर एकच गोष्ट कळायला हवी: शनिवारी हा माणूस किती वेळ कामावर नव्हता.

जाता जाता एक सांगायला हवं, कारण हे सगळं करूनही फसायला होतं. परिपत्रकात रुग्णालयाचं, लशीचं नाव आणि नोंदणीची पद्धत का लिहायची? 30 मे 2021 रोजी कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात शिबिर भरलं. 390 जणांनी प्रत्येकी 1260 रुपये देऊन लस घेतली. नंतर कुजबुज सुरू झाली. मोबाइलवर कोविनचा संदेश आला नव्हता, जवळजवळ कुणालाच ताप नव्हता, फोटो काढू दिले नव्हते, आणि प्रमाणपत्रं हाती आली ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची. शिबिर बनावट होतं. पुढे तपासात मुंबईत अशी आणखी शिबिरं निघाली, त्यातली काही कामाच्या ठिकाणी भरलेली. ताप न येण्यावरून माणसांना संशय यावा, हे वाचून मला हसू आलं आणि मग तो तापच मला तिसऱ्या ओळीपर्यंत घेऊन गेला.

तिसरी ओळ पगारी वेळेची. 'लसीकरणासाठी लागणारा वेळ कर्तव्यकाळ समजण्यात येईल.' छान. पण लसीकरणाला वेळ किती लागतो?

सुई दंडात असते दोन सेकंद. त्यानंतर अर्धा तास बसवून ठेवायचं, कारण तीव्र ॲलर्जी आलीच तर ती बहुधा पहिल्या पंधरा-तीस मिनिटांत येते. दहा लाख डोसांत मोजक्याच जणांना, पण शेजारी ॲड्रेनालिन तयार लागतं. नुसत्या धास्तीने भोवळ येणारे याहून कितीतरी जास्त असतात. खुर्चीत भोवळ आली तर पाणी पाजायचं, प्रेस मशीनसमोर आली तर हात जायचा. मग खुर्च्या किती मांडायच्या? दर चार मिनिटांना एकाला टोचलं आणि प्रत्येक जण तीस मिनिटं बसला, तर कोणत्याही क्षणी सात-आठ माणसं बसलेली असणार. खुर्च्या पाचच असतील तर सहावा येताच पहिल्याला आपोआप लवकर उठवलं जातं, आणि कुणी नियम मोडला असं कुणालाच वाटत नाही. आपल्या 112 माणसांना या वेगाने साडेसात तास लागतील. जाणं-येणं, नोंदणी आणि बसणं धरून एका माणसाचा सव्वा तास. परिपत्रकात 'दोन तास' लिहिलं असेल, तर या बाजूने ते उदारच म्हणायचं.

पण खरा वेळ इथे नसतोच. दंडात गेलेलं द्रव्य काही तासांत शरीराच्या पहारेकऱ्यांना सापडतं. पेशी रासायनिक हाका देतात, त्या हाका मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या केंद्रापर्यंत जातात आणि ते केंद्र शरीराचा आकडा वर ढकलतं. हे सगळं घडायला अर्धा-एक दिवस जातो. दुपारी लस घेतलेला माणूस संध्याकाळी हसतखेळत घरी जातो आणि मध्यरात्री दुलई ओढून कुडकुडतो. बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. परिपत्रकाने पगार दिला तो शनिवारच्या दोन तासांचा, आणि शरीराने रजा मागितली रविवार-सोमवारची.

आणखी एक नवल. कोविशील्डच्या पहिल्या डोसला ताप-अंगदुखी जास्त, दुसऱ्याला कमी. अमेरिकेत वापरलेल्या एमआरएनए लशींचं नेमकं उलटं: दुसरा डोस आडवा पाडणारा. म्हणजे तिकडचं परिपत्रक उतरवून घेऊन 'दुसऱ्या डोसनंतर एक दिवस रजा' लिहिलं, तर आपल्याकडे रजा चुकीच्या डोसला मिळते. एकाच दिवशी सगळ्या शिफ्टला टोचलं, तर सोमवारी लाइन चालवायला माणसं कमी पडतात. अनुभवी कारखाने विभागांचे तुकडे पाडून दोन-तीन शनिवारी लस देतात, ते यासाठी.

मग त्या सोमवारचे पैसे कोण देतं? कर्मचारी राज्य विमा योजनेत 2021मध्ये मासिक 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येत आणि आजारपणात त्यांना वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळे. हायसं वाटलं ना? पण त्या योजनेच्या 1948च्या कायद्यानुसार आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचा भत्ता साधारणपणे मिळत नसे. लशीचा ताप तर दोनच दिवस राहतो! जणू तो कायदा वाचूनच येतो आणि तिसरा दिवस उजाडायच्या आत निघून जातो. राज्याच्या 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, पण कारखान्याच्या शॉपमधल्या माणसाला तो कायदा लागू होत नाही. ज्याला कार्यालयात टेबल आहे त्याची एक रजा जाते, ज्याच्यासमोर मशीन आहे त्याची रोजी जाते. ठेकेदाराकडचे ते पंचवीस जण परिपत्रकातल्या 'कर्मचारी' या शब्दात मोडतात की नाही, हे बहुतेक वेळा लिहिलेलंच नसतं. आणि इच्छुकांच्या यादीत नावं कमी दिसतात ती याच पंचविसांची. त्याला आपण 'लशीची भीती' म्हणतो. त्यातली काही भीती सोमवारच्या खाड्याची असते.

इथे या तीन ओळी एकमेकींत गुंततात. रजा द्यायची, तर कारण विचारलं जातं. 'लसीकरण रजा' असा वेगळा रकाना हजेरीपटात उघडला, की टाइमकीपरला, ठेकेदाराला आणि पगारपत्रक पाहणाऱ्या प्रत्येकाला कळतं कोणी घेतली आणि कोणी नाही. दारातून घालवलेली ती यादी खिडकीतून आत येते. रजा फक्त घेणाऱ्यांनाच दिली, तर नाही म्हणणाऱ्याला वाटतं, आपली एक पगारी सुट्टी हुकली, आणि होकाराला पुन्हा वजन लागतं. मला वाटतं, बुडालेला वेळ भरून देणं आणि बक्षीस देणं यांत फरक करायला हवा, आणि तो फरक रकमेवरून कळत नाही. तो रकान्यावरून कळतो.

मी पाहिलेल्या परिपत्रकांपैकी एकातच हे नीट सोडवलं होतं. त्यात म्हटलं होतं, की पुढील चार महिन्यांत प्रत्येकाला, ठेकेदाराच्या कामगारांसह, दोन पगारी दिवस जादा मिळतील. कारण लिहायची गरज नाही, दाखला नको. चार महिने अशासाठी, की तोवर दोन डोसांतलं अंतर 12 ते 16 आठवडे झालं होतं आणि दुसरा डोस तीन महिन्यांनीच येणार होता. हजेरीपटात त्या दिवसांसमोर नेहमीचंच अक्षर पडायचं, 'प.र.', पगारी रजा. कुणी तापाने झोपलं होतं, कुणी डोस न घेता गावी पेरणीला गेलं होतं. टाइमकीपरला दोन्ही 'प.र.' सारखेच दिसत होते.